दाढीला काळा नको, भुवईचा रंग द्या

प्रश्न: माझं वय ४७. डोक्याचे केस बऱ्यापैकी काळे, फक्त कानशिलांवर थोडे पांढरे. दाढी मात्र हनुवटीवर जवळजवळ पूर्ण पांढरी आणि गालांवर काळी-पांढरी. मेव्हणीच्या लग्नाआधी सलूनमध्ये काळा कलप लावून घेतला, तर दाढी चिकटवल्यासारखी दिसायला लागली. मुलगी म्हणाली, "बाबा, नाटकात काम मिळालं का?" आठ दिवसांत मुळं पांढरी. त्याआधी मेंदी लावली होती, ती केशरी आली. आता दोन आठवड्यांवर पुतण्याचं लग्न आहे. कुठली शेड घेऊ? डोक्याला आणि दाढीला एकच डबा चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर:

आधी शेड सांगतो, कारणं मागाहून. गालांना मध्यम तपकिरी, हनुवटीला आणि मिशीला गडद तपकिरी. दोन्ही साध्या, म्हणजे ज्यांत लाल, सोनेरी किंवा बरगंडीची झाक नाही अशा. काळा कुठेच नाही, 'नॅचरल ब्लॅक' असं गोड नाव असलेला काळाही नाही. डोक्याला सध्या काहीच लावू नका. आणि डबा एकच चालणार नाही.

"अहो, माझे केस काळे आहेत, तपकिरी लावून कसं चालेल?" हे प्रत्येक जण म्हणतो. सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कलपाच्या डब्यावर नावाशेजारी बहुतेक वेळा एक आकडा छापलेला असतो. १ म्हणजे काळा, ३ म्हणजे गडद तपकिरी, ४ म्हणजे मध्यम तपकिरी, ५ फिकट तपकिरी. आकडा वाढतो तसा रंग फिका होतो. टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो. शून्य असलं किंवा टिंबच नसलं तर शेड साधी. बऱ्याच कंपन्यांत १ ही राखाडी झाक असते, ३ सोनेरी, ४ तांबूस, ६ लाल. सगळ्या कंपन्यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, पण दुकानात उभं राहून निवड करायला एवढं पुरतं. नावांवर विसंबू नका. एका कंपनीचा 'डार्क ब्राऊन' दुसरीच्या 'ब्राऊन ब्लॅक'ला भारी पडतो.

आता तपकिरी का, ते. कलपातला रंग आधीच्या रंगावर चढतो, आधीचा रंग पुसून फिका करत नाही. तुमच्या गालांवर मध्यम तपकिरी लावलं की काळे केस काळेच राहतात, त्यांच्यावर ते दिसतसुद्धा नाही. पांढऱ्या केसांत मात्र मूळचा रंगच नसतो, त्यामुळे लावलेली शेड जशीच्या तशी त्यांच्यावरच उमटते. म्हणजे गालांवर काळ्या केसांच्या मधे मधे तपकिरी केस तयार होतात. लांबून ते सगळं मिळून काळसरच दिसतं, पण सपाट दिसत नाही. खऱ्या दाढीतही हेच असतं. विशीतल्या कुठल्याही मुलाची दाढी उन्हात जवळून बघा. डोकं काळंभोर असलं तरी दाढीत बऱ्याचदा तपकिरी केस सापडतील, मिशीच्या टोकाला एखादा तांबूसही. काळा कलप हा सगळा फरक बुजवून टाकतो. प्रत्येक केस एकाच रंगाचा झाला की डोळ्याला ते केस वाटत नाहीत, रंगवलेला पट्टा वाटतो.

म्हणून शेड ठरवताना विचार पांढऱ्या केसांचा करायचा. काळ्यांना आपण हातही लावत नाही.

हनुवटीचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे तुमचे जवळजवळ सगळेच पांढरे. मिसळायला काळे केसच नाहीत, त्यामुळे तिथे मध्यम तपकिरी लावलं तर हनुवटी उघडीनागडी तपकिरी दिसेल, काळसर गालांच्या मधोमध एक बदामी चकती. तेवढ्यासाठी तिथे एक पायरी गडद घ्यायची, ३. पण ती सगळ्या केसांना लावायची नाही. हनुवटीवर ब्रश सपाट फिरवायचा नाही. टोकाने बुंधे धरून थोड्या थोड्या अंतरावर टेकवत जायचा, आणि साधारण तिसरा हिस्सा केस मुद्दाम पांढरे सोडायचे. दाढी पिकते ती बहुतेकांची हनुवटीपासून आणि मिशीच्या कोपऱ्यांपासूनच. सत्तेचाळिसाव्या वर्षी हनुवटी गालांपेक्षा जरा उजळ असणं बघणाऱ्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. तिथे एकही पांढरा दिसला नाही की संशय येतो.

पांढरे मुद्दाम सोडा म्हटलं की लोकांचा चेहरा उतरतो. पैसे देऊन पांढरे ठेवायचे? हो. आणि त्याचा दुसरा फायदा मुळांच्या वेळी कळतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

तुमची दाढी चिकटवल्यासारखी दिसली त्याला शेडशिवाय आणखी एक कारण असणार, ते म्हणजे कातडीवर बसलेला रंग. दाढीचा पांढरा केस जाड असतो आणि सहजासहजी रंग घेत नाही. कातडी मात्र पटकन घेते. त्यामुळे पांढऱ्यांवर चढेना म्हणून सलूनवाला वेळ वाढवतो, आणि केस रंगेपर्यंत खालची कातडी काळी होऊन बसते. खऱ्या दाढीत केसांच्या फटीतून कातडी दिसते, तीच दिसेनाशी झाली. शिवाय गालावर खरी दाढी विरळ होत होत संपते, तिथे रंगाची रेघ उमटली. तुम्ही आठवून बघा, कडा स्केचपेनने काढल्यासारख्या दिसत होत्या ना? फिकी शेड कातडीवर डाग सोडतेच, पण तो एक-दोनदा तोंड धुतलं की निघतो आणि तोवर उठूनही दिसत नाही. काळ्याचा डाग चार दिवस लपत नाही.

शेड ताडून बघायला सगळ्यात विश्वासू वस्तू तुमच्या चेहऱ्यावरच आहे, भुवया. भुवया सहसा उशिरा पिकतात आणि बघणाऱ्याची नजर दाढीवरून थेट तिथेच जाते. दाढी भुवईपेक्षा गडद झाली की काहीतरी चुकलंय हे लहान पोरालाही कळतं. भुवईएवढी किंवा एक पायरी फिकी असेल तर कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. सकाळच्या उजेडात दारात उभं राहून आरशात भुवया बघा. सलूनच्या ट्यूबलाइटखाली नको. त्या उजेडात काळा आणि गडद तपकिरी सारखेच दिसतात आणि लालसर झाक तर दिसतच नाही. ती दिसते दुसऱ्या दिवशी उन्हात, गाडीच्या आरशात.

वर्णाचा थोडा फरक पडतो. गोऱ्या चेहऱ्यावर गडद दाढी जास्त उठते, तिथे गालांना ४ आणि हनुवटीला ४ व ३ निम्मे-निम्मे मिसळून घ्यावं. गव्हाळ आणि सावळ्या वर्णाला वर सांगितलेलं जसंच्या तसं जमतं. सावळ्या चेहऱ्यावर मात्र तांबूस आणि सोनेरी झाक कटाक्षाने टाळा, दाढी गंजल्यासारखी दिसते. आणि लाल नको म्हणून कुणी राखाडी झाकेची शेड पुढे केली तर तीही पांढऱ्या केसांवर एकटी लावू नका. पांढऱ्यावर ती मळकट, कधी हिरवट उतरते. साधी शेडच बरी.

आता डबा आणला, तरी तो थेट तोंडाला लावू नका. दाढी ट्रिम कराल तेव्हा हनुवटीचे पांढरे केस कागदावर गोळा करा. चिमूटभर पुरे. केस जरा लांब असतील तेव्हाच कात्रीने कापून घ्या, ट्रिमरची भुकटी कामाची नाही. त्यांचे दोन-तीन छोटे झुबके करून एका बाजूने पारदर्शक चिकटपट्टीने प्लास्टिकच्या तुकड्यावर चिकटवा. थोडासा कलप कालवा आणि मोकळ्या टोकांना लावा. एक झुबका तीन मिनिटांनी धुवा, दुसरा पाच, तिसरा डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ ठेवून. वाळवा आणि उन्हात भुवईशेजारी धरून आरशात बघा. वाळवणं महत्त्वाचं, ओला केस नेहमी गडद दिसतो. बहुतेकांच्या बाबतीत पूर्ण वेळेचा झुबका नको तितका गडद निघतो आणि मधला आवडतो. जो आवडेल ती तुमची वेळ, डब्यावरचा आकडा काहीही असो. फक्त पूर्ण वेळेच्या पुढे जायचं नाही. याच वेळी हातासरशी ३ आणि ४ दोन्ही करून बघता येतात.

त्याच कालवलेल्या कलपाचा एक ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावा आणि पत्रकात लिहिलंय तसं ४८ तास थांबा. हे मी उपचार म्हणून लिहीत नाही. गडद कलपांत बहुधा पीपीडी नावाचं रसायन किंवा त्याचं भावंड असतं, आणि ज्याला ते सोसत नाही त्याचा चेहरा सुजून डोळे बंद होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. पुरळ बऱ्याचदा लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येतं, म्हणून ४८ तास. आजवर कधी त्रास झाला नाही हा पुरावा नव्हे, वर्षानुवर्षं लावणाऱ्यालाही अचानक ॲलर्जी होते. तेव्हा ठिपका दर वेळी. जत्रेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर काळ्या मेंदीचं टॅटू काढून कधी हात भाजल्यासारखा झाला असेल, तर हा कलप तुमच्यासाठी नाही, ठिपकाही लावू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. डब्यावर 'अमोनिया नाही' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्याचा पीपीडीशी काही संबंध नाही. अमोनिया नसलेल्या डब्यातही पीपीडी असू शकतं. मागे घटकांची बारीक यादी असते, ती वाचा.

एकच डबा का नाही, तेही याच ओघात. डोक्याचा कलप अर्धा तास ठेवण्याच्या हिशेबाने बनवलेला असतो आणि अनेकांच्या पत्रकात तो दाढी-मिशीला लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. दाढीचा पाच-दहा मिनिटांत काम करतो, घट्ट असतो, ओघळून ओठांत जात नाही. दाढीसाठीचाच घ्या, आणि ३ व ४ दोन्ही एकाच कंपनीचे घ्या म्हणजे गरज पडली तर मिसळता येतील. एकदा आणलेले ते चार-सहा वेळा जातात. डब्यात बहुधा दोन ट्यूब असतात, एक रंगाची आणि दुसरी रंग चढवणाऱ्या डेव्हलपरची. त्यांतून लागेल तेवढंच काढायचं, बाकीचं झाकण लावून राहतं. कालवलेलं उरलं तर मात्र टाकून द्यायचं. ते वाटीतच काळं पडत जातं, दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग नाही आणि बंद डबीत ठेवलं तर गॅस धरून झाकण उडतं.

लग्न रविवारी असेल तर कलप बुधवारी-गुरुवारी लावा. आदल्या दिवशी नको. तीन-चार दिवसांत कातडीवरचा डाग निघून जातो, दोन-तीनदा धुऊन रंग जरा उतरतो आणि मुळाशी एखादा मिलिमीटर पांढरं दिसायला लागतं. हे सगळं तुमच्या फायद्याचं. लग्नातल्या फोटोंचा झगझगीत उजेड ताज्या गडद दाढीचा एक ठोकळा करून टाकतो.

लावायची पद्धत अशी. दाढी आधी ट्रिम करून हवा तो आकार देऊन ठेवा, नाहीतर ज्या केसांवर मेहनत घेतली तेच कापले जातील. वस्तऱ्याने कडा मात्र त्याच दिवशी काढू नका, ताज्या कापलेल्या कातडीवर कलप झोंबतो. त्या दिवशी साबणाने घासून तोंड धुऊ नका, तेल असेल तर फक्त तेवढं काढा. केस पूर्ण कोरडे हवेत. दाढीच्या कडेबाहेरच्या कातडीवर, ओठांवर आणि कानाच्या पाळीवर व्हॅसलिनचा हात फिरवा, पण ते केसांना लागू देऊ नका. व्हॅसलिन लागलेला केस रंग घेत नाही. हातमोजे घाला. एकाच शेडच्या डब्यातल्या दोन्ही ट्यूबमधून पत्रकात सांगितलेल्या प्रमाणात घ्या, बहुतेक दाढीच्या पाकिटांत ते निम्मं-निम्मं असतं. बोटाच्या एका पेराएवढ्या दोन रेघा तुमच्या दाढीला पुरतील. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची घ्या, स्टीलची नको.

सुरुवात हनुवटीपासून ३ ने, कारण तिथलेच केस हट्टी आहेत आणि त्यांना वेळ जास्त हवा. मघाशी सांगितलं तसं टेकवत टेकवत, फटी ठेवून. मग मिशी, तिच्यावर कमीत कमी कलप, कोपऱ्यांना तर नुसता स्पर्श. त्यानंतर दुसऱ्या वाटीत ४ कालवून गाल. गालावर ब्रश आधी वाटीच्या कडेला निपटून घ्या आणि केसांच्या उलट्या दिशेने, वरच्यावर फिरवा. कातडीला ब्रश घासला जाता कामा नये. वरच्या कडेला येता येता ब्रशवर काहीच उरलेलं नसावं, म्हणजे रेघ उमटणार नाही. गळ्याखाली, जिथे दाढी संपते, तिथे लावूच नका.

कल्ल्यांकडे नीट लक्ष द्या. दाढी आणि डोकं एकमेकांना तिथेच भेटतात. तुमची कानशिलं पांढरट आहेत, खाली गाल रंगवलेले, आणि मधे कल्ला पूर्ण रंगवला तर कानासमोर एक जोड दिसेल. कल्ल्याच्या खालच्या अर्ध्यापर्यंतच या, वरचा अर्धा जसा आहे तसा राहू द्या. म्हणूनच डोक्याला सध्या काही लावू नका म्हटलं. कानशिलांवरचे थोडे पांढरे हे तुमच्या रंगवलेल्या दाढीला खरेपणा देतात. ते झाकून टाकलेत तर वर काळं, खाली तपकिरी आणि पांढरं कुठेच नाही, असा चेहरा होतो. डोक्यावरचे पुढे वाढले आणि खुपायला लागले, तर डोक्यासाठी वेगळा, हळूहळू धुऊन जाणारा प्रकार घ्या आणि दाढीपेक्षा एक पायरी गडद ठेवा. दाढी कधीच डोक्यापेक्षा गडद नको, एवढं मात्र पाळा.

घड्याळ लावा. ठरलेल्या वेळेच्या एक-दोन मिनिटं आधी ओल्या कापसाने हनुवटीच्या दोन-चार केसांवरचा कलप पुसून बघा. वरचा लगदा हवेने काळा पडलेला असतो, त्यावरून काही कळत नाही. पुसलेला केस हवा तसा दिसला तर लगेच धुवा, वेळ उरली आहे म्हणून ठेवू नका. आधी गाल, शेवटी हनुवटी. कोमट पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग सौम्य शाम्पू. कातडीवर डाग राहिला असेल तर खोबरेल तेलाचा बोळा दोन मिनिटं ठेवून पुसा. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा वगैरे चोळून कातडी लाल करून घेऊ नका. कलप लावलेला असताना आग किंवा खाज सुरू झाली तर वेळ न बघता धुऊन टाका, आणि सूज दिसली तर डॉक्टरकडे.

सलूनमध्येच करून घ्यायचं असेल तर तोंडाने एवढं सांगा: "हनुवटीला ३, गालांना ४, साधी शेड, दहा व्हॉल्यूमचा डेव्हलपर, सगळे पांढरे झाकायचे नाहीत." शेवटचं वाक्य दोनदा सांगा, कारण पांढरा राहिला तर गिऱ्हाईक ओरडेल ही त्यांची भीती असते. व्हॉल्यूम म्हणजे डेव्हलपरचा जोर. जोरदार डेव्हलपर काळ्या केसांचा मूळ रंगही थोडा उडवतो, आणि काळा रंग उडाला की खालून निघतो तो लाल. काही लोकांची दाढी महिन्याभरात विटकरी दिसते ती शेडमुळेच असं नाही, वारंवार जोरदार डेव्हलपर लावल्यामुळेही होते. दाढीच्या तयार पाकिटात हा प्रश्न आपल्या हातात नसतो, तिथे फक्त वेळ कमी ठेवायची.

आता मुळांचं. दाढी रोज साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढते, म्हणजे आठवड्यात दोन-अडीच मिलिमीटर. तुमची मुळं आठ दिवसांत दिसली यात कलपाचा काही दोष नाही, कुठल्याही कलपाची दिसतील. फरक दिसण्यात आहे. काळ्या केसाला पांढरं मूळ म्हणजे सरळ रेघ, ती चार फुटांवरून दिसते. तपकिरी केसाला पांढरं मूळ, आणि शेजारी आधीच सोडलेले पूर्ण पांढरे केस, यात रेघ सापडत नाही. हनुवटीवर पांढरे सोडायचा दुसरा फायदा तो हा. काळ्याला आठवड्याला कलप लागतो, याला दोन-तीन आठवडे निघतात.

पुन्हा लावताना पूर्ण दाढीवर पूर्ण वेळ लावू नका, तीच शेड टोकांवर थरावर थर चढून काळी होत जाते. ब्रश उलट्या दिशेने धरून बुंध्यांनाच लावा आणि टोकांना शेवटच्या एका मिनिटात कंगव्याने नुसता हात लागू द्या. दाढी पाच-सात मिलिमीटरची ठेवत असाल तर हा प्रश्नच नाही, दोन ट्रिममध्ये जुनी टोकं गेलेली असतात. अगदी खुंट ठेवत असाल, दोन-तीन मिलिमीटरचे, तर मी म्हणेन कलपाच्या फंदात पडूच नका. आठवड्यात सगळा रंग वस्तऱ्यावर आणि कातडीवरच जाईल.

मेंदीने केशरी का झालं, तेही सांगतो. मेंदीत केसाला धरणारा रंगच नारिंगी आहे. काळ्या केसावर तो दिसत नाही, पांढऱ्यावर त्याला लपायला जागा नाही. मेंदीनंतर नीळ पाल्याचा दुसरा लेप दिला तर तपकिरी ते काळसर होतं आणि पीपीडी न सोसणाऱ्यांसाठी तो खरा मार्ग आहे. पण तो दोन टप्प्यांचा, तासन् तासांचा उद्योग आहे, आणि नीळ पहिल्या दिवशी हिरवट दिसून दुसऱ्या दिवसापर्यंत खुलते. लग्नाच्या तोंडावर पहिल्यांदा करून बघायचा नव्हे. बाजारातली 'काळी मेंदी' ही वेगळीच भानगड. खरी मेंदी काळी नसतेच. पाकिटात पाच मिनिटांत किंवा अर्ध्या तासात काळं करणारं जे असतं ते बहुधा तेच रसायन असतं, तेव्हा तिथेही घटक वाचा आणि ठिपका लावून बघा. दाढीत जुनी मेंदी उरलेली असेल तर ती टोकं आधी कापून टाका, तिच्यावर ४ लावलं तर तांबूस येईल.

एवढं करूनही गडद झालीच, तर त्याच दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस कोंड्याच्या शाम्पूने धुवा, फेस दोन-तीन मिनिटं ठेवून. एक पायरी तरी उतरते. रंग काढायला ब्लीच तोंडाजवळ आणू नका, काळ्या केसांचाही लाल होईल आणि कातडी भाजेल. दाढी जरा लांब असेल तर ट्रिमर एका आकड्याने खाली घ्या. टोकं सगळ्यात गडद असतात, ती गेली की आतले बुंधे मोकळे होतात आणि पांढरं दिसायला लागतं. लग्न रविवारी आणि कलप बुधवारी, याचं आणखी एक कारण हेच. बिघडलं तर निस्तरायला हातात तीन दिवस राहतात.